तीन तासांचा पेपर तीन तासांतच बसवायचा, तर वेळ मोजायचा कसा?

बारावीच्या पूर्वपरीक्षेसाठी फिजिक्सचा पेपर काढताना गुणांची बेरीज चुकायची भीती फारशी नसते. मंडळाचा साचा ठरलेला आहे. सेक्शन ए मध्ये एकेका गुणाचे 10 एमसीक्यू आणि 8 अतिलघुत्तरी प्रश्न, बी मध्ये दोन गुणांच्या 12 पैकी 8, सी मध्ये तीन गुणांच्या 12 पैकी 8 आणि डी मध्ये चार गुणांच्या 5 पैकी 3. बेरीज 70. साच्यात प्रश्न भरले की गुण आपोआप जुळतात, वेळ मात्र जुळत नाही. याच साच्यातला एक पेपर बऱ्यापैकी अभ्यास केलेला मुलगा अडीच तासांत हातावेगळा करतो आणि दुसरा सव्वातीन तासांतही संपत नाही. दोन्हींवर छापलेलं असतं ते ‘वेळ : 3 तास’ एवढंच.

पेपर काढणारे शिक्षक वेळेचा अंदाज साधारण तीन रीतींनी घेतात. गुणांवरून भागाकार करायचा, किंवा स्वतः पेपर सोडवून त्या वेळेला तीनने गुणायचं, किंवा प्रत्येक उत्तरातलं काम सुटं करून मोजायचं. यातली कोणती धरावी, हे तुमच्याकडे किती वेळ आहे आणि पेपरमध्ये कशा प्रकारचे प्रश्न आहेत यावर ठरतं. मी फिजिक्सचाच पेपर समोर ठेवून तिन्ही तपासतो, कारण आकडेमोड, डेरिव्हेशन आणि आकृती असं तिन्ही प्रकारचं काम त्यात एकत्र येतं आणि तिन्ही रीतींची कसोटी तिथे नीट लागते.

गुणांवरून भागाकार

180 मिनिटं भागिले 70 गुण, म्हणजे एका गुणाला सुमारे 2.57 मिनिटं. दोन गुणांना पाच मिनिटं, तीन गुणांना पावणेआठ, चार गुणांना सव्वादहा. दहावीच्या मराठीसारख्या 80 गुणांच्या तीन तासांच्या पेपरला हाच आकडा सव्वादोन मिनिटांवर येतो. हिशोब अर्ध्या मिनिटात होतो आणि मुलांना ‘कोणत्या सेक्शनवर किती वेळ घालवायचा’ हे सांगायला तो चांगलाही आहे.

पेपर काढणाऱ्यासाठी मात्र त्यात एक मोठी गोम आहे. एका गुणाचे 18 प्रश्न धरले तर या हिशोबाने त्यांना 46 मिनिटं मिळतात. प्रत्यक्षात सरळ प्रश्न असतील तर एमसीक्यूचा पर्याय उत्तरासह लिहायला किंवा एक व्याख्या, एक सूत्र, एक एकक लिहायला सव्वा ते दीड मिनिट पुरतं. म्हणजे अठराचं काम पंचवीसेक मिनिटांत होतं आणि वीसेक मिनिटं शिल्लक पडतात. या शिल्लकेवरच बाकीचा पेपर चालतो. पर्यायी प्रश्न वाचणं, एखादं अडलेलं डेरिव्हेशन पुन्हा पहिल्या ओळीपासून मांडणं, पुरवणी बांधणं, शेवटी नजर फिरवणं, हे सगळं त्यातूनच भागतं.

आता एखाद्याने ‘मुलं एमसीक्यू अंदाजाने मारतात’ म्हणून दहापैकी सहा एमसीक्यू आकडेमोडीचे टाकले, तर गुण तेवढेच राहतात, भागाकार तोच राहतो आणि शिल्लक निम्म्यावर येते. कागदावर काहीच बदललेलं दिसत नाही. भागाकाराला प्रश्नाच्या आत काय आहे ते कळत नाही, आणि पेपर लांबतो तो प्रश्नाच्या आतल्या कामाने.

स्वतः सोडवायचा आणि तीनने गुणायचं

ही रीत बहुतेक स्टाफरूममध्ये चालते. शिक्षकाला एक तास लागला तर मुलांना तीन तास लागतील, असा तिचा आधार. भागाकारापेक्षा ती नक्कीच बरी, कारण पेपर सोडवताना छपाईच्या चुका, अपुरी माहिती दिलेली न्युमेरिकल्स, एकच गोष्ट दोनदा विचारलेली अशा भानगडी हाती लागतात. शिवाय आदर्श उत्तरपत्रिका आपल्याला तशीही तयार करायचीच असते, तेव्हा जादा काम फारसं पडत नाही.

अडचण त्या ‘तीन’मध्ये आहे. तो आकडा सगळ्या प्रश्नांना सारखा लागू होत नाही. केशिकेत द्रव किती वर चढतो त्याचं, म्हणजे h = 2T cosθ/(rρg) चं डेरिव्हेशन घ्या. पाठ असलेल्या उत्तरात वेळ जातो तो हाताच्या वेगाचा, आणि सतरा वर्षांच्या मुलाचा हात शिक्षकाच्या हातापेक्षा तिप्पट हळू चालत नाही. मला आकृतीसकट चार मिनिटं लागतात, तयारी असलेल्या मुलाला आठ. इथे गुणक दोनच.

न्युमेरिकलचं उलटं आहे. ऑक्सिजनचा 27 अंश सेल्सिअसला आरएमएस वेग काढा, असं विचारलं तर आपल्याला उत्तर 484 मीटर प्रति सेकंदच्या आसपास येणार हे आधीच ठाऊक असतं. आपण एका मिनिटात मोकळे होतो. मुलाला पाच मिनिटं लागतात. गुणक पाच.

म्हणजे तीनने गुणल्यावर डेरिव्हेशनचा अंदाज फुगतो आणि न्युमेरिकलचा आटतो. पेपरमध्ये दोन्ही सारख्या प्रमाणात असतील तर चुका एकमेकींना खोडतात आणि एकूण आकडा बरोबर वाटतो. आकडेमोडीकडे झुकलेला पेपर असेल तर ही रीत नेमकी धोक्याच्या बाजूला चुकते, ‘वेळेत बसतो’ असं सांगते आणि परीक्षेच्या दिवशी तो बसत नाही.

उत्तराचे तुकडे करून

तिसऱ्या रीतीत प्रत्येक प्रश्नासाठी विचारायचं, की मुलाला इथे नेमकं काय काय करावं लागेल? वाचणं, रस्ता ठरवणं, लिहिणं, आकृती काढणं, आकडेमोड करणं. प्रत्येकाला वेळ लावायचा आणि बेरीज करायची. सुरुवातीला हे किचकट वाटतं, पण दोन-तीन आकडे एकदा हाताशी आले की काम पुढे सरकतं.

पहिला आकडा लिहिण्याच्या वेगाचा. वर्गात नुकतंच शिकवून झालेलं, मुलांचं चांगलं पाठ झालेलं एखादं डेरिव्हेशन पाच मिनिटं लिहायला लावा आणि मधल्या मुलांच्या ओळी मोजा. अव्वल मुलांच्या मोजू नका आणि कोरा कागद देणाऱ्यांच्याही नको. माझ्याकडे हा आकडा मिनिटाला तीन ओळींच्या आसपास येतो, तुमच्याकडे थोडा वेगळा येईल. मग आदर्श उत्तरातल्या ओळी मोजल्या की लिहिण्याचा वेळ निघतो. केशिकेच्या डेरिव्हेशनला चौदा-पंधरा ओळी म्हणजे पाच मिनिटं, नामनिर्देशित आकृतीला दोन, वाचून आठवायला एक, अशी ती आठ मिनिटं होतात. आदर्श उत्तर लिहिताना तपासनीस ज्या पायऱ्यांना गुण देणार तेवढ्याच लिहायच्या असतात, हे इथे महत्त्वाचं. आपण त्यात पाल्हाळ लावला तर वेळही फुगतो.

दुसरा आकडा आकडेमोडीचा, आणि तो बहुतेकांच्या हिशोबात येतच नाही. बारावीच्या फिजिक्सला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगटेबल चालतं. ऑक्सिजनच्याच उदाहरणात v = √(3RT/M) मध्ये किमती घातल्या की 7483 भागिले 0.032 याचं वर्गमूळ उरतं. मुलगा लॉगटेबल उघडतो. 7483 चा लॉग 3.8741. 0.032 चा लॉग बार दोन पॉइंट 5051. वजाबाकी 5.3690, तिची निम्मी 2.6845, अँटिलॉग पाहून 483.6. तीन वेळा तक्ता पाहायचा, त्यात दोनदा सरासरी फरकाचे रकाने. एवढ्याला दोन ते अडीच मिनिटं सहज जातात. बारची वजाबाकी गडबडली आणि बार दोनच्या जागी साधे दोन वजा केले, तर 1.3690 येतात आणि उत्तर निघतं 4.836. वायूच्या रेणूचा वेग सेकंदाला पाच मीटरसुद्धा नाही, हे चांगल्या मुलाच्या लक्षात येतं आणि तो सगळं पुन्हा करतो. ज्याला समजतं त्याचाच वेळ जास्त जातो, आणि हे मला फार अन्यायाचं वाटतं. म्हणून लॉगची प्रत्येक आकडेमोड मी अडीच मिनिटांची धरतो.

याच प्रश्नाचं दुसरं रूप पाहा. ‘ऑक्सिजनचा आरएमएस वेग 27 अंश सेल्सिअसला असतो त्याच्या दुप्पट कोणत्या तापमानाला होईल?’ वेग तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो हे माहीत हवं, सेल्सिअसचं केल्विन करायचं भान हवं. 300 च्या चौपट 1200 केल्विन, म्हणजे 927 अंश सेल्सिअस. दोन मिनिटांत उत्तर लिहून होतं आणि फिजिक्सची समज पहिल्यापेक्षा जास्तच तपासली जाते. गुण दोन्हींना दोन. भागाकार दोन्हींना पाच मिनिटं देतो. फरक दिसतो तो तुकडे केल्यावरच.

तिसरा आकडा वाचनाचा. पेपरवर छापलेले प्रश्न 47, सोडवायचे 37. छापलेले गुण 98, मोजायचे 70. जे दहा प्रश्न मुलगा सोडत नाही, तेही त्याला वाचावे लागतात, तोलावे लागतात, कधी दोन ओळी लिहून खोडावे लागतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीला सायन्स घेतलेल्या मुलांना इंग्रजीतलं लांबलचक न्युमेरिकल दोनदा वाचावं लागतं. अशी मुलं तुमच्या वर्गात बरीच असतील तर वाचनाचा आकडा जरा मोकळ्या हाताने धरा. मी यासाठी आठ मिनिटं आणि बैठक क्रमांक, प्रश्न क्रमांक, पानं उलटणं, पुरवणी मागणं यासाठी पाच मिनिटं वेगळी काढतो.

एकाच पेपरला तिन्ही रीती लावल्या तर

नमुन्यादाखल आकडेमोडीकडे झुकलेला एक पेपर घेऊ. सहा एमसीक्यू आकडेमोडीचे आहेत, दोन गुणांच्या प्रश्नांत न्युमेरिकल्स बरीच आहेत, बाकी नेहमीसारखा. शिक्षकाला स्वतः सोडवायला 54 मिनिटं लागली असं धरू. मिनिटांत तुलना अशी दिसते:

| भाग | गुणांवरून | स्वतः × 3 | तुकडे मोजून |
|---|---|---|---|
| एक गुणाचे 18 | 46 | 21 | 36 |
| दोन गुणांचे 8 | 41 | 45 | 43 |
| तीन गुणांचे 8 | 62 | 66 | 63 |
| चार गुणांचे 3 | 31 | 30 | 30 |
| जादा वाचन | – | – | 8 |
| पानं, पुरवणी वगैरे | – | – | 5 |
| एकूण | 180 | 162 | 185 |

पहिल्या रकान्याची बेरीज 180 येणारच, ती तशीच बांधलेली आहे. तिच्यावरून पेपर बसतो की नाही हे कळत नाही. दुसरा रकाना सांगतो की 18 मिनिटं हातात आहेत. तिसरा सांगतो की पाच कमी पडतात, आणि उत्तरं पुन्हा पाहायला तर काहीच नाहीत.

फरक कुठून आला ते पहिल्या ओळीत स्पष्ट दिसतं. आकडेमोडीचे सहा एमसीक्यू साडेतीन मिनिटांनी 21 मिनिटं खातात, उरलेले बारा सव्वा मिनिटाने 15. शिक्षकाने हे सगळे अठरा प्रश्न मिळून सात मिनिटांत सोडवले, कारण पर्यायांकडे पाहून बरोबर कोणता हे त्याला अनुभवानेच कळलं.

दोन ते चार गुणांच्या ओळींमध्ये तिन्ही रीतींत चार मिनिटांपेक्षा जास्त फरक नाही. मोठ्या प्रश्नांवर पेपर सहसा फसत नाही, ते आपण जपून काढतो. फसतो तो छोट्या प्रश्नांवर आणि कुठेच न मोजलेल्या कामावर.

पेपर दुरुस्त करायला प्रश्न काढून टाकावे लागत नाहीत. एमसीक्यूचे पर्याय दूर दूर ठेवले तरी पुष्कळ साधतं. आरएमएस वेगाचाच प्रश्न एमसीक्यू म्हणून आला आणि पर्याय 478, 484, 490, 496 असे असतील तर लॉगटेबल उघडावंच लागतं. 161, 331, 484, 684 असे असतील तर 23.4 चं वर्गमूळ पाचच्या थोडं खाली, एवढ्या अंदाजावर उत्तर ठरतं. हा अंदाज करता येणं हीसुद्धा फिजिक्सचीच समज आहे. सहापैकी चार एमसीक्यूंचे पर्याय असे बदलले तर प्रत्येकी पावणेदोन मिनिटांनी सात मिनिटं सुटतात. दोन गुणांच्या न्युमेरिकल्सपैकी दोन तापमानाच्या उदाहरणासारखी, लॉग न लागणारी केली तर आणखी सहा सुटतात. 185 चे 172 होतात आणि मुलाला उत्तरं पुन्हा पाहायला आठ मिनिटं राहतात. माझ्या मते पेपर 170 ते 172 वर आणूनच थांबावं. 2023 पासून मंडळ शेवटी दहा मिनिटं जास्त देतं, अकराचा पेपर दोन वाजून दहा मिनिटांनी सुटतो. ती दहा मिनिटं पेपर काढणाऱ्याने आपल्या हिशोबात धरू नयेत. ती मुलांची आहेत.

पर्यायांबद्दल एक सावधगिरी. 12 पैकी 8 असतील तर सर्वांत सोप्या आठांचा वेळ धरू नका, बाराही प्रश्नांचा वेळ काढून त्याची सरासरी आठाने गुणा. मुलाला कोणता प्रश्न किती वेळ खाईल हे आधी दिसत नाही. एकाच सेक्शनमध्ये एक प्रश्न चार मिनिटांचा आणि दुसरा अकराचा असेल, तर निवड करणं हाच नशिबाचा खेळ होतो.

अंदाज खरा ठरला की नाही

परीक्षेआधी तोच पेपर मुलांवर चालवून पाहता येत नाही, तो फुटतो. पण उत्तरपत्रिका तपासताना खूप काही कळतं. पेपर लांब होता की अभ्यास कच्चा होता, हे ओळखायचं असेल तर उत्तरपत्रिकेतलं सर्वांत शेवटी लिहिलेलं पान पाहा. मुलं प्रश्न आपापल्या क्रमाने सोडवतात, म्हणून शेवटच्या क्रमांकाचा प्रश्न पाहून उपयोग नाही. शेवटच्या पानावर डेरिव्हेशन अर्ध्या ओळीत तुटलेलं असेल, अक्षर पसरलेलं असेल, आकृतीला नावं नसतील, तर वेळ संपला. प्रश्न अधूनमधून सुटलेले असतील आणि शेवटचं पान नीटनेटकं असेल, तर येत नव्हतं. मधल्या गटातल्या बऱ्याच उत्तरपत्रिकांत पहिलं चित्र दिसलं तर दोष पेपरचा. एरवी वेळ मिळून सुटणारे एमसीक्यू कोरे दिसले, तर त्या मुलांनी ते ‘नंतर करू’ म्हणून मागे ठेवले होते, हेही ध्यानात घ्या.

पर्यवेक्षकांना एक विनंती करून ठेवावी, की अडीच तासांचा टोल पडेल तेव्हा वर्गात किती जण पेन खाली ठेवून बसलेत ते पाहा. निम्मा वर्ग बसलेला असेल तर पेपर छोटा होता. शेवटच्या घंटेलाही जवळजवळ सगळे लिहीत असतील तर मोठा. नोंद एका ओळीची, पण पुढच्या वर्षीचे आकडे सुधारायला तीच सर्वांत उपयोगी पडते.

कोणी कोणती रीत धरावी

पहिल्यांदाच बारावीचा पेपर काढत असाल तर तुकडे मोजूनच काढा. एक पूर्ण दुपार जाते, हे खरं. पण एकदा लिहिण्याचा आणि लॉगचा आकडा हाती आला की पुढच्या पेपरला तो पुन्हा शोधावा लागत नाही.

चार-पाच वर्षं पेपर काढत आला असाल आणि साचा बदललेला नसेल, तर स्वतः सोडवण्याची रीत ठेवा, फक्त एकच गुणक सगळीकडे लावू नका. डेरिव्हेशन आणि वर्णनाच्या प्रश्नांना दोन, साध्या एका गुणाच्या प्रश्नांना तीन आणि लॉग लागणाऱ्या प्रत्येक ठिकाणी पाच. एवढा बदल केला तरी वरच्या पेपरचा धोका आधीच दिसला असता.

मराठी, हिंदी किंवा इतिहासाचा पेपर असेल तर आकडेमोडीचा भाग निघून जातो आणि लिहिण्याचा वेगच सगळं ठरवतो. तिथे अपेक्षित उत्तरांतल्या ओळींची बेरीज केली तरी बऱ्यापैकी अचूक अंदाज येतो, मात्र न पाहिलेला उतारा वाचण्याचा आणि निबंधाचा विषय निवडण्याचा वेळ वेगळा धरायला हवा. भागाकार एवढ्यापुरताच वापरा, की सेक्शननिहाय वेळ त्याच्यापासून फार दूर गेला तर का गेला ते पाहता येईल.

आणि पेपर उद्याच द्यायचा असेल, हातात जेमतेम तास असेल, तर बाकी सगळं सोडा. आकडेमोड लागणारे एमसीक्यू आणि दोन गुणांची न्युमेरिकल्स एवढीच समोर घ्या, लॉगटेबल उघडा, मुलाने लिहावी तशी प्रत्येक पायरी लिहीत सोडवा आणि प्रत्येकाशेजारी लागलेली मिनिटं पेन्सिलने टाका. जिथे एका गुणाला तीनपेक्षा आणि दोन गुणांना पाचपेक्षा जास्त आकडा येईल, तिथल्या किमती किंवा पर्याय बदलून मगच पेपर टायपिंगला पाठवा.